पश्चिमेची भिंत: ओल, बुरशी आणि घरमालकांना लिहिलेलं पत्र

गोव्यात फोंड्याच्या या फ्लॅटमध्ये आम्ही डिसेंबर २०२२ मध्ये राहायला आलो. तळमजला आणि वर तीन मजले अशी इमारत, आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. भाडं महिना १४,००० रुपये, दोन महिन्यांचं डिपॉझिट, अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करार. घर बघायला आलो तेव्हा बेडरूमची एक भिंत नुकतीच रंगवलेली होती, छान फिकट पिवळी. बाकीचं घर जुन्या रंगात असताना हीच एक भिंत ताजी का, हे ना नवऱ्याला सुचलं विचारायला, ना मला. आता ओळखीचं कुणी भाड्याने घर बघायला निघालं की मी आधी हेच सांगते. एकच भिंत ताजी दिसली तर पलंग कुठे लावायचा हे ठरवण्याआधी ती का रंगवली ते विचारा.

जुलै २०२३ मध्ये खोलीत कुबट वास यायला लागला. आधी वाटलं, कपडे नीट वाळत नाहीत म्हणून असेल. मग एक दिवस गादी उचलली तर पलंगाच्या पाठीमागे भिंतीवर काळे-हिरवे ठिपके, आणि खिडकीच्या डाव्या कोपऱ्यात रंगाचे पोपडे. माझं माहेर सावंतवाडीकडचं, त्यामुळे पावसाळ्यात घरात ओल ही काही नवलाई नव्हे. आमच्याकडे मृगाआधी वडील पश्चिमेच्या भिंतीला चुडतांची झड, म्हणजे विणलेल्या झावळ्यांचा आडोसा, बांधायचे. जांभ्याचा चिरा पाणी पितो, त्याला पावसात उघडा ठेवायचा नसतो, हे तेव्हा ऐकलेलं वाक्य. ते वर्षभराने माझ्या उपयोगी पडणार होतं, पण त्या वेळी डोक्यातही आलं नाही.

घरमालक मडगावला राहतात. साठीच्या पुढचे, सौम्य गृहस्थ. आम्ही त्यांना काका म्हणतो. फोन केला तर म्हणाले, "पावसांत सगळ्यांगेर ओल येता गो." ते खोटंही नव्हतं. मग मी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवत राहिले. जुलै ते सप्टेंबर अकरा मेसेज पाठवले आणि प्रत्येकाला अंगठा आला. ऑक्टोबरात त्यांनी खरंच रंगारी पाठवला. त्याने दोन दिवसांत पोपडे खरवडले, पुट्टी भरली, वर कसला तरी वॉटरप्रूफ प्रायमर आणि त्यावर चकचकीत ऑइल पेंट मारला. काकांचे ६,५०० रुपये गेले. भिंत आरशासारखी दिसू लागली आणि मी विषय संपला असं समजले.

पुढच्या जुलैत त्याच भिंतीवर रंगाचे फुगे आले. एक नखाने टोचला तर आतून पाण्याची धार ओघळली. शिवाय आदल्या वर्षी जिथे काही नव्हतं तिथे, आठेक इंच बाजूला, नवा डाग. मुलगा तेव्हा पाच वर्षांचा, आमच्यातच झोपायचा, आणि महिनाभर खोकत होता. बालरोगतज्ज्ञांनी औषध लिहिताना मान वर न करताच विचारलं, "घरात ओल आहे का?" त्या रात्री आम्ही गादी हॉलमध्ये आणली, आणि मी काकांना पत्र लिहायला बसले.

ते पहिलं पत्र चार पानी होतं. त्यात मुलाचा खोकला होता, अकरा मेसेज होते, चौदा हजार भाडं होतं, "आपल्या घरात आपण असं राहिला असतात का" हेही होतं. नशीब, पाठवण्याआधी शाळेतल्या एका सहकारी शिक्षिकेला दाखवलं. तिचे सासरे सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले कनिष्ठ अभियंता. सगळे त्यांना भाई म्हणतात. भाईंनी चष्मा कपाळावर सरकवून चारही पानं वाचली आणि मला म्हणाले, "बाय, यात राग आहे. ओल कुठे आहे? किती आहे? पाऊस थांबला की ती काय करते?" यांतल्या एकाही प्रश्नाचं उत्तर मला माहीत नव्हतं.

रविवारी, १४ जुलै २०२४ ला, भाई स्वतः घरी आले. येताना एक रुपयाचं नाणं, पेन्सिल आणि स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची फॉइल एवढंच घेऊन आले होते.

आधी त्यांनी डाग कुठे सुरू होतो ते बघितलं. भिंतीतून जमिनीकडून वर चढणारी ओल असते, ती साधारण कमरेएवढी चढते आणि वर लोणा फुटल्याची पांढरट रेघ सोडते. ती आमच्या दुसऱ्या मजल्यावर असण्याचा प्रश्नच नव्हता. पाइप गळत असेल तर डाग मे महिन्यातही ओला राहिला असता. आमची भिंत मार्च ते मे कोरडी होती. या भिंतीला लागून ना न्हाणीघर होतं, ना मोरी. उरल्या दोन शक्यता. एक म्हणजे खोलीतल्या हवेतला दमटपणा भिंतीवर बसतोय, दुसरी म्हणजे बाहेरचा पाऊस भिंतीतून आत येतोय. या दोहोंतला फरक कळणं सगळ्यात महत्त्वाचं होतं. पहिल्यात घरमालक म्हणू शकतात की तुम्ही खिडक्या उघडत नाही, खोलीत कपडे वाळत घालता. दुसऱ्यात तसं म्हणायला जागा राहत नाही.

त्यासाठी फॉइल. डागाजवळ जिथे रंग अजून शाबूत होता तिथे भिंत कोरड्या फडक्याने पुसून वीतभर फॉइल चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट बसवली. तशीच दुसरी समोरच्या, पॅसेजकडच्या भिंतीवर. दोन दिवस हात लावायचा नाही. खोलीकडच्या बाजूला पाणी जमलं तर दोष हवेचा, फॉइलच्या मागे जमलं तर पाणी भिंतीतून येतंय. मंगळवारी संध्याकाळी काढली तेव्हा पश्चिमेच्या भिंतीवरच्या फॉइलच्या मागे थेंबच थेंब होते आणि पुढून ती कोरडी. समोरच्या भिंतीवरची फॉइल दोन्हीकडून कोरडी.

जोडीला मी ४५० रुपयांचं दमटपणा दाखवणारं छोटं यंत्र मागवलं. हे मला आधी उगाचच वाटत होतं, पण शेवटी तेच कामाला आलं. आठवडाभर सकाळ-रात्र आकडे वहीत लिहिले. बेडरूम ८२ ते ८८ टक्के, हॉल ८० ते ८६. म्हणजे घरभर हवा सारखीच दमट होती आणि भिंत मात्र एकच ओली. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जुलैत बाहेरची हवाच ओली असते. खिडकी उघडली तर आत ओली हवाच येणार. त्या दमटपणाने कपाटातल्या चपला आणि बेल्ट बुरसटतात हे खरं, पण रंगाच्या आत पाण्याचे फुगे त्याने येत नाहीत.

भाईंनी नाण्याने भिंत वाजवत नेली. शाबूत गिलावा टणक वाजतो आणि सुटलेला पोकळ. खिडकीच्या डाव्या बाजूला आणि छताखाली फूटभर अंतरावर एक आडवी पट्टी पोकळ वाजत होती. ती पट्टी बघून ते थोडे गप्प झाले. मग खाली अंगणात जाऊन त्यांनी मान वर केली आणि मलाही बोलावलं. बाहेरून तिसऱ्या मजल्यापर्यंत प्रत्येक मजल्यावर, बरोबर तुळईच्या खालच्या रेषेत, केसासारखी आडवी भेग दिसत होती. इमारतीच्या भिंती चिऱ्यांच्या आणि तुळया सिमेंट-काँक्रीटच्या. ऊन-पावसात दोन्हींचं हलणं सारखं नसतं, त्यामुळे त्यांच्या सांध्यावर गिलाव्याला भेग जाते. गिलावा करताना सांध्यावर तारेची जाळी ठोकली असती तर ती बहुधा गेली नसती. आणि गोव्यात पावसाळी वारा पश्चिमेकडून, नैऋत्येकडून येतो. पावसाचा मारा थेट या भिंतीवर, भेगेतून आत, आणि एकदा आतल्या चिऱ्याला पाणी मिळालं की तो पीतच राहतो. तेव्हा मला वडिलांची झड आठवली.

आतून मारलेल्या ऑइल पेंटचं काय झालं हेही त्यांनी समजावलं. पाणी बाहेरून येतच होतं, आतून वाट बंद केली. मग ते रंगाच्या मागे साचून फुगे आले, आणि जिथे रंग कच्चा होता तिथून बाजूला फुटलं. म्हणून नवा डाग.

जाताना भाईंनी सांगितलं की डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारायची आणि बाजूला तारीख घालायची. प्रत्येक मोठ्या पावसानंतर नवी रेघ. झाडाच्या खोडातल्या वलयांसारखी ती भिंत दिसायला लागली. पत्रासोबत पाठवलेल्या फोटोंमध्ये त्या तारखा वाचता येत होत्या, आणि काकांनी नंतर सर्वांत आधी त्यांचीच चौकशी केली.

पत्र पाठवण्याआधी एक भीती मनात होती, ती लिहायलाच हवी. आमचा करार ३० सप्टेंबरला संपत होता. पत्र मिळाल्यावर काका "मग दुसरं घर बघा" म्हणाले तर? म्हणून एका वकिलांना भेटले, एका भेटीचे एक हजार रुपये. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ मध्ये एक तरतूद आहे की मालकाने करायला बांधील असलेली दुरुस्ती, कळवूनही वाजवी वेळेत केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मी ती इंटरनेटवर वाचून खूश झाले होते. वकिलांनी खुशी उतरवली. ती तरतूद भाडेपट्ट्यासाठी आहे आणि आमच्या कागदावर लीव्ह अँड लायसन्स लिहिलेलं आहे. शिवाय मालक दुरुस्तीला बांधील आहे की नाही हे करारावरून ठरतं. त्यांनी करार वाचला. त्यात एक ओळ होती की रोजची देखभाल राहणाऱ्याकडे आणि बांधकामातल्या मोठ्या दुरुस्त्या मालकाकडे. "ही ओळ पत्रात घाला, कलमं घालू नका. भाडं मात्र एक दिवसही थांबवू नका," एवढाच त्यांचा सल्ला. हजार रुपयांत दोन वाक्यं, पण दोन्ही उपयोगी पडली.

शेवटी २२ जुलैला जे पत्र पाठवलं ते दीड पानाचं होतं. नाव-पत्ते गाळून मजकूर जसाच्या तसा देते, कारण मला असं पत्र शोधूनही मिळालं नव्हतं.

दि. २२ जुलै २०२४

विषय: बेडरूमच्या पश्चिमेकडील भिंतीची ओल व बुरशी, आणि कायमस्वरूपी दुरुस्तीबाबत विनंती

स. न. वि. वि.

आपल्या फ्लॅटमध्ये आम्ही १ डिसेंबर २०२२ पासून राहत आहोत. जुलै २०२३ मध्ये बेडरूमच्या पश्चिमेकडील भिंतीवर ओल आली. आपण ऑक्टोबर २०२३ मध्ये आतून पुट्टी व रंग करून दिलात, त्याबद्दल आभारी आहोत. परंतु यंदा ५ जुलैपासून त्याच भिंतीवर पुन्हा ओल आली असून ती आधीपेक्षा वाढली आहे.

सध्याची स्थिती अशी: खिडकीच्या डाव्या कोपऱ्यात साधारण दोन फूट बाय अडीच फूट भागावर रंगाचे फुगे व काळी बुरशी आहे. छताखाली एक फुटावर भिंतीच्या जवळजवळ पूर्ण लांबीत आडवी ओली पट्टी आहे. या दोन्ही ठिकाणी गिलावा पोकळ वाजतो. पाऊस चार दिवस थांबला की पट्टी फिकट होते, मोठा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी गडद होते. मार्च ते मे भिंत कोरडी असते. तारखांसह फोटो सोबत जोडले आहेत.

खोलीतील दमटपणामुळे हे होत आहे का, हे आम्ही तपासले. हॉल व बेडरूममधील दमटपणा जवळजवळ सारखा आहे, तरी ओल फक्त याच भिंतीला आहे. फॉइल लावून पाहिले असता पाणी भिंतीच्या बाजूने येत असल्याचे दिसले. बाहेरून पाहता तुळईखाली आडवी भेग दिसते. पाणी तेथून व खिडकीच्या सांध्यातून येत असावे असे आम्हांला वाटते; नक्की कारण जाणकाराने पाहून ठरवावे.

म्हणून विनंती अशी: (१) १५ ऑगस्टपूर्वी आपण किंवा आपला माणूस येऊन भिंत आतून व बाहेरून पाहावी. (२) पाऊस संपल्यावर बाहेरील भेग व खिडकीचा सांधा दुरुस्त करावा. तोपर्यंत आतून पुन्हा पुट्टी किंवा रंग करू नये, कारण त्यावरील खर्च वाया जाईल. (३) बाहेरील भिंत सोसायटीच्या अखत्यारीत येत असल्यास आपण मालक या नात्याने सोसायटीला लेखी कळवावे.

करारानुसार बांधकामातील मोठ्या दुरुस्त्या आपल्याकडे आहेत. आमच्या बाजूने आम्ही बुरशी ओल्या फडक्याने पुसत आहोत, पलंग व कपाट भिंतीपासून दूर केले आहे, आणि कामासाठी कोणत्याही रविवारी अथवा आधी कळवल्यास इतर दिवशीही घर उघडे ठेवू. भाडे नेहमीप्रमाणे ५ तारखेपूर्वी जमा होईल.

कृपया दोन आठवड्यांत लेखी उत्तर द्यावे.

कळावे, लोभ असावा.

पत्र रजिस्टर्ड पोस्टाने पोचपावतीसह पाठवलं, तीसेक रुपये लागले. (आता रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं आहे, त्यामुळे तिथल्या खिडकीवर पोचपावती हवी असं स्पष्ट सांगा.) त्याच दिवशी फोटो आणि पत्राची प्रत ईमेलनेही पाठवली. आणि पोस्टातून बाहेर पडल्या पडल्या काकांना फोन करून सांगितलं, "काका, एक पत्र पाठवलंय, रजिस्टर आहे म्हणून घाबरू नका, भांडणाचं नाही." हा फोन केला नसता तर ते पाकीट हातात पडल्यावर त्यांना काय वाटलं असतं कोण जाणे. आपल्याकडे रजिस्टर पत्र म्हणजे कोर्टकचेरी.

पोचपावती ३१ जुलैला परत आली. २ ऑगस्टला काकांचा फोन. आवाज जरा दुखावलेला. "पत्र बरयलें तें बरें केलें," असं म्हणाले, पण पुढचे दहा मिनिटं त्या ६,५०० रुपयांबद्दलच बोलले. रंगाऱ्याने त्यांना पाच वर्षांची खात्री दिली होती. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की फसवणूक त्यांचीही झाली होती.

११ ऑगस्टच्या रविवारी ते आपल्या मुलाला घेऊन आले. त्याने खिडकीतून वाकून बाहेर मोबाइल धरला आणि भेगेचा व्हिडिओ काढला. काकांनी पेन्सिलीच्या तारखांवरून बोट फिरवलं. चहा झाला. बाहेरची भिंत सोसायटीची, तिथे आपण एकट्याने हात लावू शकत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. आणि आम्ही भाडेकरू असल्याने सोसायटी आमचा अर्ज घेईना. मी आधी सेक्रेटरींना विचारून बघितलं होतं, त्यांनी "मालकाचं पत्र आणा" एवढंच सांगितलं. तेव्हा २० ऑगस्टला काकांनी आपलं दोन ओळींचं पत्र आणि त्याला जोडून माझं पत्र, असं सोसायटीत दिलं आणि प्रतीवर शिक्का-सही घेतली. ती शिक्क्याची प्रत पुढे दोनदा दाखवावी लागली.

मग चवथ आली. ७ सप्टेंबरला गणपती, त्याआधी पंधरा दिवस आणि नंतर आठ दिवस गोव्यात कुणाकडून काही होण्याची अपेक्षा धरू नये. मीही गावी होते. कार्यकारिणीची बैठक थेट २९ सप्टेंबरला झाली. तिसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबानेही तशीच तक्रार केली तेव्हा विषय पुढे सरकला. माझ्या पत्रातल्या भेगेच्या वर्णनावरून त्यांनी आपल्या भिंती वाजवून बघितल्या होत्या म्हणे.

त्याच आठवड्यात करार नव्याने झाला. भाडं ७०० रुपयांनी वाढलं. त्याबदल्यात मी एक ओळ घालून घेतली, की बाहेरच्या भिंतीतून येणाऱ्या ओलीची दुरुस्ती मालकाकडे राहील आणि लेखी कळवल्यापासून पंधरा दिवसांत पाहणी होईल. काकांनी कुरकुर न करता सही केली. दुसरं घर बघा, असं कुणी म्हणालं नाही.

पाऊस गेल्यावर १० नोव्हेंबरला पाण्याची चाचणी झाली, आणि सगळ्या प्रकरणात मला सर्वांत आवडलेला भाग हाच. सोसायटीने आणलेला ठेकेदार आल्या आल्या म्हणत होता की वरपासून खालपर्यंत सगळी भिंत रंगवूया, काम संपलं. भाईंनी त्याला थांबवलं. गच्चीवरच्या टाकीतून रबरी नळी खाली सोडली आणि भिंतीवर पाणी मारायचं, पण खालून वर. आधी वरून मारलं तर ओघळ सगळीकडून जातो आणि पाणी नक्की कुठून शिरलं ते कळत नाही. प्रथम खिडकीच्या खालचा भाग, वीस मिनिटं: आत काही नाही. मग खिडकीचा खालचा दगड आणि चौकटीचा सांधा: पंचविसाव्या मिनिटाला आत डाव्या कोपऱ्यात बोटाला गार लागलं. तो कडाप्पा आत झुकलेला होता, बाहेर नव्हे, आणि त्याच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच नव्हती. त्यामुळे पाणी दगडाखालून मागे वळून भिंतीत जात होतं. शेवटी तुळईची भेग. चाळीस मिनिटं झाली तरी आत काही नाही आणि ठेकेदार हसायला लागला. तासाभराने छताखालची पट्टी गडद झाली. बाहेरच्या भेगेपेक्षा ती चार बोटं खाली होती. पाणी जिथे शिरतं तिथेच दिसेल असं नाही, हे त्या दिवशी डोळ्यांनी बघितलं.

काम ६ जानेवारी २०२५ ला सुरू झालं, अकरा दिवस चाललं. बांबूची परांची बांधली. भेग नुसती बुजवली नाही. दोन्ही बाजूंनी कापून इंचभर रुंद आणि खोल खाच केली, धूळ धुऊन काढली, पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने भरली, सांध्यावर दोन्हीकडे चार-चार इंच जाईल अशी जाळी बसवून वर गिलावा केला. त्यावर आठवडाभर पाणी मारलं. परांची असेपर्यंतच खिडकीचा कडाप्पा काढून बाहेर उतार देऊन बसवला आणि खालून खाच घेतली. गिलावा सुकायला तीन आठवडे ठेवून मग परांचीवर पुन्हा माणूस चढला आणि बाहेरून लवचीक रंगाचे दोन हात झाले. आमच्या रांगेतल्या तिन्ही फ्लॅटचा बाहेरचा खर्च ६४,००० रुपये सोसायटीने केला. खिडकी आणि आतलं काम मिळून ११,५०० काकांनी दिले.

आतल्या भिंतीचं काम म्हणजे बहुतांश वाट बघणं. ऑइल पेंट आणि पोकळ गिलावा काढून टाकला आणि भिंत तशीच उघडी ठेवली. चिऱ्याने दोन पावसाळे प्यालेलं पाणी आठ दिवसांत निघत नाही. जानेवारी-फेब्रुवारी आम्ही लाल भिंतीसमोर झोपलो. रोज सकाळी चादरीवर बारीक लाल धूळ. फेब्रुवारीच्या शेवटी फॉइल पुन्हा लावली, दोन दिवसांनी ती कोरडी निघाली, तेव्हा गिलावा केला. तोही महिनाभर सुकू दिला आणि एप्रिलात साधा डिस्टेंपर लावला. चकचकीत काही नको, हे या वेळी काकाच रंगाऱ्याला बजावत होते. काळे ठिपके उरलेल्या भागात रंगाआधी साबणाच्या पाण्याने, तोंडाला मास्क लावून, ओल्या फडक्याने पुसून घेतलं. कोरड्या ब्रशने घासलं की बुरशीची भुकटी खोलीभर उडते, ही चूक मी पहिल्या वर्षी केली होती.

२०२५ साली पाऊस मे संपण्याआधीच आला. छताखालची पट्टी जूनभर कोरडी, जुलैभर कोरडी. मी रोज हात लावून बघायचे, नवरा हसायचा. कपाटाच्या पाठीवर मात्र ऑगस्टमध्ये पुन्हा पांढुरकी बुरशी आली. ती हवेची, काकांची नव्हे. कपाट भिंतीपासून चार इंच पुढे ओढलं, आत पंखा फिरता ठेवला, कमी झाली.

आणि १९ जुलैला खिडकीच्या त्याच डाव्या कोपऱ्यात रुपयाएवढा ओला ठिपका दिसला. पेन्सिलीने रेघ मारली, तारीख घातली, फोटो काकांना पाठवला. या वेळी अंगठा आला नाही, फोन आला. नवव्या दिवशी माणूस येऊन चौकटीच्या बाहेरच्या कडेचं सुटलेलं सिलिकॉन काढून नवं भरून गेला. ठिपका त्या रेघेच्या बाहेर गेलेला नाही.